अहेरीचा कनिष्ठ अभियंता की ऐरोलीचा प्लॅनिंग इंजिनीअर? १९ दिवस उरलेत

सिमेंट_गोणी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सिव्हिल, वय २७, ओपन. मूळ निलंगा तालुका, सध्या पुण्यात एका बिल्डरकडे साइटवर, हातात ४१ हजार. राज्य सरकारच्या एका खात्यात कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) म्हणून निवड झाली, मागच्या आठवड्यात नियुक्तीपत्र आलं. पोस्टिंग अहेरी उपविभाग, जिल्हा गडचिरोली. ३० दिवसांत रुजू व्हायचंय, त्यातले ११ गेले.

आणि नेमकं आत्ताच नवी मुंबईतल्या एका कंपनीची ऑफर आली. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिल्डिंगा बांधतात, तिथे प्लॅनिंग इंजिनीअर. साडेचौदा लाख सीटीसी. कंपनी जेमतेम चार वर्षांची आहे. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी सांगितलं की दोन वर्षांत सिनिअर, पाच वर्षांत प्लॅनिंग मॅनेजर, पुढे तुझ्या हातात.

वडील म्हणतात सरकारी सोडलीस तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पुण्यातले मित्र म्हणतात ३८६०० बेसिकवर कोण जातं जंगलात. मी साडेचार वर्षं अभ्यास केलाय या पोस्टसाठी, आणि आता मिळाल्यावर झोप उडालीय. ज्यांनी दोन्हीपैकी काही केलंय त्यांनी लिहा प्लीज.

चहा_टपरी
अभिनंदन! लग्न झालंय का? नसेल तर आधी जॉइन हो, स्थळं येऊ देत, लग्न उरक, मग राजीनामा दे. हसू नका, आमच्या मामेभावाने हेच केलं. सासरे अजून बोलत नाहीत ती गोष्ट वेगळी.

बार्शीकर
यात विचार करण्यासारखं आहे काय? सरकारी म्हणजे सरकारी. मरेपर्यंत पेन्शन, गेल्यावर बायकोला पेन्शन. प्रायव्हेटवाला ४५ ला घरी बसवतो. माझा शेजारी आयटीत होता, आता रिक्षा घेतलीय.

केतकी_ठाणे
@बार्शीकर दादा, ती तुम्ही म्हणताय ती पेन्शन १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना. त्यानंतरच्या सगळ्यांना एनपीएस आहे, म्हणून तर मार्च २०२३ ला 'एकच मिशन जुनी पेन्शन' म्हणत संप झाला ना. माझा नवरा २०१४ चा आहे (तलाठी नाही, विचारू नका कुठला), दर महिन्याला बेसिक अधिक डीएच्या १० टक्के त्याचे कापतात आणि सरकार १४ टक्के घालतं.

बार्शीकर
मग संप झाल्यावर दिली की परत जुनी पेन्शन. पेपरात वाचलं होतं मी.

आस्थापना_दोन
अर्धं बरोबर, अर्धं चूक, आणि या अर्ध्या माहितीवर लोक आयुष्याचे निर्णय घेतात. मी आस्थापना शाखेत २१ वर्षं आहे, नियुक्त्या, राजीनामे, पेन्शन केसेस हेच रोजचं.

जुनी जशीच्या तशी परत आलेली नाही. केंद्राने युनिफाइड पेन्शन आणली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने ती घेतली. त्यात २५ वर्षं सेवा भरली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता. २५ च्या आत सेवा असेल तर त्या प्रमाणात कमी, आणि किमान १० वर्षं तरी पाहिजेतच. पण तुझा हप्ता कापला जातोच, जुन्या पेन्शनमध्ये तो कापला जात नव्हता. शिवाय ती पर्याय देऊन घ्यायची गोष्ट आहे, आपोआप लागत नाही. रुजू होताना पहिल्याच आठवड्यात आस्थापना लिपिकाला विचार की पर्यायाचा नमुना कधी भरायचा. बरेच जण विसरतात आणि मग माझ्यासारख्याकडे येऊन रडतात.

तू २७ ला लागलास तर ५८ ला ३१ वर्षं होतात. म्हणजे तुझी २५ आरामात भरतात. चाळिशीत सोडलीस तर चित्र वेगळं.

सिमेंट_गोणी
धन्यवाद साहेब, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. क्लासवाल्या सरांनी पण नाही.

मोजपट्टी
आधी पैशाचं बघू, कारण ३८६०० आणि साडेचौदा लाख या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. एक नुसतं बेसिक आहे आणि एकात कंपनी तुझ्यावर करते तो चहापाण्यापर्यंतचा खर्च आहे. मी सीए नाही पण ऑफर लेटरं फोडून बघायचा छंद आहे. ब्रेकअप टाक की.

सिमेंट_गोणी
त्यांच्या मेलमध्ये असं आहे: बेसिक ५ लाख, व्हेरिएबल १.८ लाख (वर्षाच्या शेवटी), कंपनीचा पीएफ ६० हजार, ग्रॅच्युइटी २४ हजार, विमा हप्ता २० हजार, उरलेलं एचआरए आणि स्पेशल अलाउन्स. वेगळा १ लाख जॉइनिंग बोनस, पण १८ महिन्यांच्या आत सोडलं तर परत द्यायचा.

मोजपट्टी
हां, आता बोलू.

साडेचौदातून व्हेरिएबल, पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा काढला की ११ लाख ६६ हजार उरतात. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ ६० हजार गेला. म्हणजे महिन्याला खात्यात साधारण ९२ हजार, आणि साडेचौदा लाख म्हणून ज्याची पार्टी झाली ते हे.

आता सरकारी. बेसिक ३८६००, डीए मी ५५ टक्के धरतो म्हणजे २१२३०, अहेरीला एचआरए १० टक्के म्हणजे ३८६०. झाले ६३६९०. त्यातून एनपीएसचे ५९८३ गेले, प्रोफेशनल टॅक्स, गटविमा वगैरे जाऊन हातात ५७ हजार पडतात. वाहतूक भत्ता मी धरला नाहीये. सरकार वर ८३७६ रुपये पेन्शन खात्यात घालतं ते दिसत नाही पण असतं.

म्हणजे फरक महिन्याला ३५ हजार. आता ऐरोलीत वन बीएचके घे आणि अहेरीत खोली घे, मग यातले किती उरतात ते तूच बघ. माझ्या अंदाजाने निम्मा फरक भाडं आणि जेवण खाऊन टाकतं.

आणि एक गंमत. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही. तुझा व्हेरिएबल नाही मिळाला तर टॅक्स शून्य. पूर्ण १.८ लाख मिळाला तर उत्पन्न १३.४६ लाख होतं, ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन जाऊन १२.७१, आणि सेस धरून साडेत्र्याहत्तर हजार टॅक्स. म्हणजे बॉसची वर्षभर मर्जी राखून मिळवलेल्या १.८ लाखातले हातात १ लाख ६ हजार.

चहा_टपरी
म्हणजे ७३ हजार वाचवायचे असतील तर बॉसशी भांडण करायचं. हे जमेल मला.

अमेय_दोहा
मोजपट्टी, हिशोब झकास आहे पण तू पहिल्या महिन्याचा फोटो काढलास. पिक्चर दहा वर्षांचा असतो. मी २०१२ ला पुण्यात १८ हजारांवर प्लॅनिंगमध्ये लागलो, प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर प्रायमावेरा शिकलो, दोन कंपन्या बदलून २०१८ ला कतारला आलो. माझ्याबरोबर डिप्लोमाला असलेला मित्र त्याच वर्षी खात्यात लागला. आज तो अजून तिथल्या तिथेच कनिष्ठ अभियंता आहे आणि मी काय कमावतो ते इथे लिहीत नाही, दृष्ट लागेल.

सरकारीत ३ टक्के वाढ वर्षाला. ३८६०० चे दहा वर्षांनी ५२ हजार बेसिक. प्रायव्हेटमध्ये एका उडीत ३० टक्के मिळतात.

केतकी_ठाणे
आणि त्या मित्राचं घर? मुलं? तो रोज संध्याकाळी घरी असतो का ते पण लिहा.

अमेय_दोहा
असतो. मागच्या गणपतीत मी व्हिडिओ कॉलवर आरती केली, तो समोर उभा होता. मान्य आहे ताई.

पण ५२ हजारवाला मुद्दा तसाच आहे.

आस्थापना_दोन
५२ हजार बरोबर आहे पण अपुरं आहे. १० वर्षांनी पदोन्नती नाही मिळाली तरी आश्वासित प्रगती योजनेत वरची वेतनश्रेणी मिळते, मग २० ला, मग ३० ला. डीए वेगळा वाढत राहतो. आणि मधे वेतन आयोग येतो. आठवा केंद्राने जाहीर केलाय, राज्यात कधी येईल यावर मात्र पैज लावू नका. सातवा १ जानेवारी २०१६ पासून लागू, आपल्याकडे प्रत्यक्षात २०१९ ला आला आणि मधल्या थकबाकीचे पाच हप्ते पाडले. मिळाले, पण मुलगी दहावीतून बारावीत गेली तेवढ्यात.

नंदिनी_नगर
माझा भाऊ बँकेत पीओ झालाय त्याला पण हेच कन्फ्युजन आहे, आयबीपीएसमधून मिळालेली बँक चांगली की खासगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर व्हावं? त्याचं पोस्टिंग बहुतेक झारखंडला येणार. जेवणाचे हाल होतील का तिकडे?

चहा_टपरी
ताई हा सिव्हिलचा धागा आहे. पण लिट्टी चोखा छान असतो.

निवृत्त_उपअभियंता
मी उशिरा वाचला धागा. १९८९ ला कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, २०११ ला उपअभियंता झालो, २०२१ ला निवृत्त. बावीस वर्षं एका पदोन्नतीसाठी. त्यात साडेतीन वर्षं आलापल्ली-भामरागड बाजूला काढली, म्हणून लिहितोय.

पगाराचं तुम्ही सगळ्यांनी लिहिलंच आहे. काम काय असतं ते कुणी लिहिलं नाही. कनिष्ठ अभियंता म्हणजे एमबी. मोजमाप पुस्तकात नोंद तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने. उपअभियंता त्यातली काही मोजमापं तपासतो, कार्यकारी अभियंता बिल पास करतो, पण दहा वर्षांनी काही निघालं तर पहिलं पान उघडतात ते तुझं. माझ्याकडे एका रस्त्याचं असं झालं. मुरूम भरावाचं काम, पावसाळा तोंडावर, ठेकेदार घाईत, वरून फोन. मी आधीच्या पातळ्या न घेता भराव झाल्यावर मोजला. म्हणजे खाली मूळ जमीन किती खोल होती याला पुरावाच नाही. नऊ वर्षांनी ऑडिटमध्ये आलं, चौकशी लागली, पैसे खाल्ले नव्हते हे सिद्ध व्हायला चार वर्षं आणि तेवढा काळ पदोन्नती बाजूला. म्हणून तुला एकच सांगतो, गेलास तर काम सुरू होण्याआधीच्या पातळ्या घेतल्याशिवाय पोकलेन हलू द्यायचा नाही. शिव्या खाव्या लागल्या तरी चालतील. आता मोबाइलवर फोटो, जागा, वेळ सगळं येतं, आम्हाला ते नव्हतं.

दुसरं, तिकडे जागा रिकाम्या असतात. तुला एक शाखा म्हणून पाठवतील आणि दोन महिन्यांत आणखी एकीचा अतिरिक्त कार्यभार गळ्यात येईल. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पाणी आलं की भामरागड तुटतं, मग तू अलीकडे आणि तुझं काम पलीकडे. मात्र जे शिकशील ते पुण्याच्या साइटवर वीस वर्षांत शिकणार नाहीस. सव्वीस वर्षांपूर्वी मी उभ्या केलेल्या एका पुलावरून अजून एसटी जाते. ते बघायला मी मागच्या डिसेंबरात गेलो होतो, बायको म्हणाली वेड लागलंय.

सिमेंट_गोणी
काका, दोनदा वाचलं. आधीच्या पातळ्यांचं आमच्या साइटवर पण असंच होतं, खोदाई झाल्यावर मोजतात आणि सबकॉन्ट्रॅक्टरशी भांडत बसतात.

मोजपट्टी
काका, आणि दबावाचं? टक्केवारीचं? त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

निवृत्त_उपअभियंता
असतं. नाही म्हणता येतं, पण त्याची किंमत बदलीत मोजावी लागते. कायद्याने तीन वर्षांची मुदत आहे, तरी माझ्या दोन बदल्या मुदतीआधी झाल्या. एवढंच लिहितो.

शून्य_स्लॅक
मी डेटा सेंटरच्याच कामावर आहे, रबाळे साइडला, ओपीची कंपनी नाही बहुतेक. त्यामुळे दुसरी बाजू.

प्लॅनिंग इंजिनीअर ऐकायला एसी ऑफिस वाटतं. पहिले सहा महिने तू बेसलाइन बनवणार, मग रोज उशीर का झाला याचं कारण शोधणार. या कामात बिल्डिंग सिव्हिलवाले उभी करतात पण खरा जीव जनरेटर, चिलर, यूपीएस, स्विचगियरमध्ये असतो. ती उपकरणं परदेशातून येतात, महिनोन्‌महिने लागतात, आणि एक चिलर उशिरा आला की तुझा सगळा कार्यक्रम कोसळतो. शेवटी टेस्टिंगच्या वेळी रात्री-रविवार काही नसतं. मी मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजन साइटवर केलं, लॅपटॉपची पूजा झाली एवढंच समाधान.

शिकायला मात्र जबरदस्त आहे. इथे सहा-सात वर्षं काढलेला माणूस सिंगापूर, गल्फ कुठेही जातो. अमेय म्हणतो ते खोटं नाही.

पण चार वर्षांच्या कंपनीत बघायची गोष्ट पगार नाही, ऑर्डर बुक. त्यांच्याकडे आत्ता किती क्लायंट आहेत? एकच असेल तर तो क्लायंट पुढची बिल्डिंग दुसऱ्याला देतो त्या दिवशी अर्धी टीम बेंचवर. आमच्याकडे २०२३ ला असंच झालं, हँडओव्हर झाला आणि दोन महिन्यांत तिसाहून जास्त लोकांना 'कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही' म्हणून मेल. माझा नंबर थोडक्यात चुकला. मुलाखतीत सरळ विचार की पुढच्या १८ महिन्यांचं हातात असलेलं काम कोणतं. आढेवेढे घेतले तर समज. आणि पगार वेळेवर होतो का हे एचआरला नको विचारूस, त्यांच्या सबकॉन्ट्रॅक्टरला विचार. सबकॉन्ट्रॅक्टरचे पैसे अडकायला लागले की सहा महिन्यांनी पगार अडकतो.

बार्शीकर
हेच तर म्हणत होतो मी. सरकारीत पगार कधी अडकत नाही.

केतकी_ठाणे
दादा, ग्रँट नाही आली म्हणून आमच्याकडे दोनदा पगार २० तारखेला झालाय. होतो शेवटी, हे खरं. वैद्यकीय बिलाचं पण तसंच, सासऱ्यांच्या अँजिओप्लास्टीचे पैसे आधी आम्ही भरले, परत मिळायला अकरा महिने. तोवर क्रेडिट कार्ड. प्रायव्हेटचा कॅशलेस विमा तिथे बरा वाटतो, पण आई-वडील त्यात आहेत का ते ओपीने बघावं, वीस हजारांच्या हप्त्यात बहुतेक नसतील.

लाल_फीत
एवढं काय टेन्शन? सरकारी जॉइन कर, दोन-तीन महिने काढ, मग लियन ठेवून प्रायव्हेटला जा. नाही जमलं तर परत ये. माझ्या ओळखीतल्या एकाने केलंय.

आस्थापना_दोन
नाही नाही नाही. हे वाचून कुणी फसायला नको म्हणून लगेच लिहितोय.

लियन म्हणजे धारणाधिकार, आणि तो कायम झालेल्या माणसाचा असतो. तुला दोन वर्षं परिविक्षा आहे. तुझ्या ओळखीतला बहुतेक एका सरकारी पदावरून दुसऱ्या सरकारी पदावर गेला असेल, परवानगीने अर्ज करून. त्याची आधीची सेवा धरली जाते. खासगी कंपनीत जायला राजीनामाच द्यावा लागतो, आणि राजीनामा दिला की मागची सेवा पेन्शनसाठी गेली, परत घ्यायला आम्ही बांधील नाही. रजा टाकून गुपचूप दुसरीकडे नोकरी हा तर थेट शिस्तभंग. पीएफ खातं आधारला जोडलेलं असतं, आता हे लपत नाही.

आता ओपीसाठी, कारण खरा मुद्दा मला हा वाटतो. दोन्ही दारं सारखी नाहीत. आज अहेरीला गेलास आणि वर्षाने कंटाळलास तर परिविक्षेत राजीनामा देऊन बाहेर पडणं सोपं आहे, मुदतीची नोटीस किंवा तेवढा पगार भरला की झालं. डेटा सेंटरवाले तेव्हा हीच खुर्ची देतील का माहीत नाही, पण दुसरे देतील. उलट आज नाकारलीस तर तुझी जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जाते, आणि परत यायचं तर नवी जाहिरात, नवी परीक्षा, नवी गुणवत्ता यादी. ओपनला ३८ ची मर्यादा, म्हणजे कागदावर ११ वर्षं आहेत. प्रत्यक्षात आधीची जाहिरात किती वर्षांनी आली होती ते तूच आठव.

सिमेंट_गोणी
आमच्या केडरची मधे चार वर्षं आली नव्हती साहेब. म्हणून तर साडेचार वर्षं गेली.

अमेय_दोहा
यात एक गोष्ट सुटली. सरकारीतून 'दुसरे देतील' हे दोन वर्षांपर्यंत खरं. पाच वर्षं एमबी लिहिल्यावर प्लॅनिंगची मुलाखत दे, बघ काय होतं ते. सॉफ्टवेअर विसरलेला, सवयी बदललेल्या, आणि पगार पण सरकारी धरून ऑफर देतात. माझ्याकडे असे सीव्ही येतात, मी स्वतः बाजूला ठेवतो. वाईट वाटतं पण ठेवतो. म्हणजे ते दार पण हळूहळू बंद होतंच.

आस्थापना_दोन
हे मान्य. मी खात्याच्या आतून बघतो, तुम्ही बाहेरून.

चहा_टपरी
दोघांचं एकमत झालं, धागा लॉक करा.

मोजपट्टी
ओपी, गावाकडे कर्ज वगैरे आहे का? विचारतोय कारण ३५ हजारांचा फरक कोणासाठी मौज असते आणि कोणासाठी व्याज.

सिमेंट_गोणी
आहे. बहिणीचं लग्न झालं मागच्या वर्षी, त्याचे साडेचार लाख वडिलांनी बाहेरून घेतले, दोन टक्के महिन्याने. म्हणजे नऊ हजार नुसतं व्याज. सोयाबीनच्या पैशात ते निघत नाही. हे आधी लिहायला लाज वाटली.

मोजपट्टी
लाज कसली. पण याने उत्तर बदलतं की नाही? ९२ मधून ऐरोलीचं राहणं-खाणं ४० धर, ५२ उरतात, दहा महिन्यांत ते कर्ज खलास. ५७ मधून अहेरीत १५ खर्च धर, ४२ उरतात, साधारण वर्षभरात खलास. म्हणजे कर्ज फेडायला दोन महिन्यांचा फरक. आणि सरकारी पगारपत्रकावर बँक पर्सनल लोन महिना एक टक्क्याच्या आसपास देते, ते घेऊन बाहेरचं आधी उडव. हे कर्ज प्रायव्हेट घेण्याचं कारण नाही होऊ शकत.

शून्य_स्लॅक
१५ हजारांत अहेरी होईल का पण? गाडी, लातूरला येणं-जाणं?

निवृत्त_उपअभियंता
मोटारसायकल लागेलच. गावी वर्षातून चारदा गेला तर बल्लारशाहपर्यंत बस आणि मग रेल्वे, एक रात्र आणि वर अर्धा दिवस. १५ नाही, १८ धरा. शिवाय त्या भागात एकस्तर वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता असतो, तुझ्या आदेशात आहे का ते कार्यालयात विचार, आपणहून कोणी देत नाही.

नंदिनी_नगर
भावाचं पोस्टिंग रांचीला आलं. सगळ्यांचे आभार.

सिमेंट_गोणी
(नऊ दिवसांनी)
अपडेट. शून्य_स्लॅक यांनी सांगितलं तसं कंपनीला ऑर्डर बुकचं विचारलं. साहेब म्हणाले दोन क्लायंट आहेत, तिसऱ्याशी बोलणी चालू. एक सबकॉन्ट्रॅक्टर शोधून काढला, आमच्या पुण्याच्या साइटवरच्या फॅब्रिकेटरचा मेहुणा निघाला. त्याचं मार्चचं बिल अजून यायचंय. एकाच माणसाचं ऐकून किती धरायचं कळत नाही.

खात्याकडे रुजू होण्यासाठी मुदतवाढीचा अर्ज दिला, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं कारण खरंच आहे, कागद जोडले. अजून ३० दिवस मिळाले. कंपनी थांबायला तयार नाही, सोमवारी हो किंवा नाही सांगायचंय.

उद्या रात्रीच्या गाडीने बल्लारशाहला निघतोय, रुजू व्हायला नाही, नुसतं बघायला. वडील पण येतो म्हणतायत, त्यांना अहेरी कुठाय तेच माहीत नव्हतं, आता नकाशा काढून बसलेत.

आस्थापना_दोन
चांगलं केलंस. मुदतवाढीत ज्येष्ठता खाली जाते का ते पत्रात लिहिलंय का बघ. काही पत्रात अट असते.

अमेय_दोहा
कंपनीला सोमवारऐवजी बुधवार माग. नाही म्हणाले तर त्यांच्याकडे रजा कशी मिळेल तेही कळेल.

निवृत्त_उपअभियंता
उपविभागात गेल्यावर साहेबांना भेटायच्या आधी शाखेतल्या मैलकामगारांशी बोल. कोणते रस्ते चालू आहेत, कोण ठेकेदार आहे, शेवटचा कनिष्ठ अभियंता किती दिवस टिकला, ते सगळं त्यांना ठाऊक असतं. आणि आलापल्लीला उतरलास तर पुढची बस दुपारी बघून घे, संध्याकाळी अडकशील.

चहा_टपरी
वडिलांना पर्लकोटा दाखवू नकोस.